पाचव्या मजल्यावरचा होम: तुमच्या घरी काय झालं?

जुळेसोलापूरची_सून
पुढच्या महिन्यात आमची वास्तुशांत आहे. पाचवा मजला, दहा बाय पंधराचा हॉल, वर पीओपी. सासूबाईंना होम यथासांग हवाय. शेजारच्या काकू म्हणतात, मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर होम झाला तेव्हा धूर लिफ्टपर्यंत आला होता. संक्रांतीला होम मैदानावर होम होतो, तिथे वर आभाळ असतं. आमच्याकडे वर पंखा आहे. ज्यांनी फ्लॅटमध्ये होम केलाय त्यांनी आपला अनुभव सांगा, फसलेलाही चालेल. सगळ्यात आधी हे सांगा की फरशीचं काय केलंत?

होटगीरोडकर
फरशीचंच सांगतो, कारण आमची गेली. तांब्याचं कुंड होतं, तोंड बारा इंच. खाली एकच वीट आडवी टाकली होती, तीही कुंडाच्या मधोमध. चारी पाय विटेबाहेर, थेट टाइलवर. दीड तासानं 'टक्' असा आवाज आला. गुरुजींना वाटलं लाकूड फुटलं. संध्याकाळी कुंड उचललं तर दोन टाइलमधून केसासारखी चीर गेलेली. नंतर फरशीवाल्यानं ठोकून बघितलं, खालून पोकळ आवाज आला. तो म्हणाला, जिथं खाली माल भरलेला नसतो तिथं टाइल तापली की आधी तीच तडकते. दोन टाइल बदलायच्या म्हणून पूर्ण ओळ उचलावी लागली, कारण त्या रंगाची पेटी आता मिळत नाही.

म्हणून होमाच्या आधी नाण्यानं फरशी ठोकून पोकळ जागा टाळा.

भिक्षुक_मंगळवारपेठ
नमस्कार. पंचवीस वर्षं हेच करतोय. विटांचे दोन थर लावायचे. पहिल्या थरावर दोन बोटं वाळू पसरायची. दुसऱ्या थरातल्या विटांत बोटभर फट सोडायची, म्हणजे मधून हवा खेळते. एवढं केलं की खालची फरशी हाताला कोमट लागते, त्याहून जास्त नाही. पूजा चालू असताना मी दोनदा कुंडाच्या कडेची फरशी हातानं चाचपतो. हात ठेववेना तर आहुती थांबवून लाकूड कमी करतो.

आता आहुतींचा हिशेब. ग्रहांना १०८, २८ किंवा ८ अशा संख्या आहेत. २८ धरल्या तर नऊ ग्रहांच्या २५२ होतात. समिधा, चरू आणि तूप वेगवेगळं धरलं तर ७५६. फ्लॅटमध्ये मी ८ घेतो: नऊ ग्रहांच्या ७२, तिन्ही द्रव्यांच्या मिळून २१६. माझ्या पळीत दोन ग्रॅमच्या आसपास तूप बसतं, म्हणजे ७२ आहुतींना दीडशे ग्रॅम. बाकीच्या देवतांचं आणि पूर्णाहुतीचं धरून अर्धा किलो पुरे. यजमान दोन किलोचा डबा आणून ठेवतात आणि मग 'उरलंय तर घाला की गुरुजी' म्हणतात. तिथंच घोटाळा होतो.

सातरस्ता_सुजाता
गुरुजींचं शेवटचं वाक्य म्हणजे आमच्या घरची गोष्ट. पूर्णाहुतीला दिरांनी उरलेलं तूप वाटीनंच ओतलं. जाळ एकदम माणसाच्या छातीएवढा वर गेला आणि वरच्या झेंडूच्या माळेतली जरीची झालर पेटली. खाली पडली ती तुपाच्या पातेल्यात! पातेलं पेटलं. कोणीतरी तांब्या उचलला, पण माझी आई ओरडली, 'पाणी नको!' आणि तिनं पितळी ताट पालथं घातलं. दोन मिनिटांत विझलं. ताट लगेच काढायचं नाही. आम्ही घाईनं काढलं तर परत भडकलं. दुसऱ्यांदा अर्धा तास झाकून ठेवलं.

पापा_का_फ्लॅट
आम्ही तर पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. पुरेसं असतं की हो. आग म्हणजे पाणी, साधी गोष्ट.

सातरस्ता_सुजाता
लाकडाला आणि पडद्याला पाणी चालतं. पेटलेल्या तुपात पाणी गेलं की ते तळाशी जाऊन उकळतं आणि जळतं तूप बाहेर फेकतं. बादली ठेवा, पण पातेल्यापाशी झाकण आणि वाळूची घमेली ठेवा. आमच्या घरी सोलापुरी चादर भिजवून पिळून ठेवतात, साडीच्या पदराला लागलं तर अंगावर टाकायला. नायलॉनची साडी नेसून बसू नका, एवढं सुनेला मी नक्की सांगेन.

शेतातला_नितीन
समिधांचं बोला की बे कुणीतरी. आमच्या रानात रुई भरपूर, म्हणून मामानं सकाळीच तोडून हिरव्या काड्या आणल्या. मी मोडून जुड्या बांधल्या आणि त्याच हातानं डोळा चोळला. रुईचा चीक डोळ्यात गेला राव! दुखलं थोडंच, पण दुपारपर्यंत सगळं धुक्यातलं दिसाय लागलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तरी औषधं जास्त दिवस चालली असती. आठवडाभर थेंब घातले. वर त्या ओल्या काड्यांनी हॉलभर असा पांढरा धूर केला की मामा बाल्कनीत आणि यजमान एकटे.

भिक्षुक_मंगळवारपेठ
रुई आधी पंधरा दिवस सावलीत वाळवावी. वाळलेली काडी मोडली की कट्कन तुटते, ओली वाकते. पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी सगळ्यांना हीच परीक्षा. जाळ धरायला लागतं ते वेगळं सरपण. समिधा फक्त आहुतीच्या. सरपणाला आंब्याची बोटभर जाडीची वाळकी लाकडं घ्या. धूर पांढरा आणि दाट आला तर लाकूड ओलं आहे, काळा आला तर तूप जाळापेक्षा जास्त पडतंय. तेव्हा दोन मिनिटं काही घालू नये. नारळ अख्खा टाकू नका, आतलं पाणी तापून तो फुटतो. सुकं खोबरं टाका.

नंदा_मावशी
माझ्या नातवाला दमा आहे. होमाच्या धुरानं हवा शुद्ध होते, गाईच्या तुपानं ऑक्सिजन तयार होतो असं म्हणतात. त्याला शेजारी बसवू का?

नर्स_विजापूररोड
मावशी, नको. जळायला ऑक्सिजन लागतो, तयार होत नाही. नातवाला त्या दिवशी आत्याकडे पाठवा किंवा दुसऱ्या खोलीत दार लावून खिडकी उघडी ठेवा, पंप जवळ असू द्या. आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघडा. छताचा पंखा बंद ठेवा, तो ठिणग्या आणि राख घरभर उडवतो.

होटगीरोडकर
निखाऱ्यांचं राहिलं. आम्ही रात्री कुंडातली राख 'गार झालीय' म्हणून प्लास्टिकच्या डब्यात ओतली. वरून गारच होती, आत लाल. सकाळी डब्याचं बूड वितळून बाल्कनीला चिकटलं होतं. एसीच्या बंद खोलीत ठेवली असती तर काय झालं असतं, याचा विचार नको.

भिक्षुक_मंगळवारपेठ
लोखंडी घमेल्यात, वर वाळू घालून, उघड्या बाल्कनीत दुसऱ्या दिवसापर्यंत.

टिळकचौक_वकील
आमच्या गुरुजींनी उत्तरपूजेनंतर दूध शिंपडून अग्नी शांत केला. आजीचं म्हणणं, अग्नी विझवायचाच नाही, आपोआप शमू द्यावा. दोघं अजून भांडतायत.

भिक्षुक_मंगळवारपेठ
दोन्ही परंपरा पाहिल्या आहेत. घर पाहून ठरवतो. आजींना माझा नमस्कार सांगा.

जुळेसोलापूरची_सून
सगळ्यांचे आभार. आज फरशी नाण्यानं ठोकली. हॉलच्या मधोमध, जिथं सासूबाईंनी जागा ठरवली होती, तिथंच पोकळ वाजली. आता कुंड खिडकीकडे सरकवायचंय आणि त्यांना सांगायचंय. दिशा बदलते म्हणून त्या ऐकतील का, ते बघू.

पापा_का_फ्लॅट
विटा होमानंतर परत वापरता येतात का? आमच्या बिल्डिंगखाली बिल्डरच्या शंभरेक पडल्यात, पाहिजेत तर घेऊन जा.