"पाणी ओतून साथ थांबते का?" या प्रश्नाला उत्तराचा व्हिडिओ कसा करावा?

कसबागेटची_सून
आपल्या कोल्हापूरच्या त्र्यंबोलीच्या आषाढ यात्रेचा व्हिडिओ टाकला होता. पंचगंगेचं नवं पाणी घागरीतून टेकडीवर नेतात, पुढं पी-ढबाक वाजतो, देवळाच्या पायरीवर पाणी ओततात, एवढंच त्यात होतं. खाली एका प्रेक्षकानं लिहिलं, "नदीचं पाणी पायरीवर ओतून साथ थांबते का? शिकली-सवरलेली माणसं अजून ही अंधश्रद्धा का पाळतात?" मला उत्तराचा व्हिडिओ करायचाय, पण भांडण नको आणि त्या माणसाचा अपमानही नको. कच्चं लिहिलंय ते असं: "पावसाच्या पहिल्या पाण्यात खनिजं असतात, घागरीत ते शुद्ध होतं, म्हणून पूर्वजांनी ही प्रथा घातली." चालेल का?

राजारामपुरीचा_एडिटर
ताई, खनिजांची ओळ काढाच. आषाढात नदीला येणारं पाणी म्हणजे शेतातली माती आणि गावोगावच्या नाल्यांचं पाणी. घागरीत ते शुद्ध होत नाही, फार तर गाळ खाली बसतो. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती, ते आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात आहे. तुमचं ऐकून कुणी ते पाणी तीर्थ म्हणून पोराला पाजलं तर? आणि त्या प्रेक्षकानं एवढं एक वाक्य खोडून काढलं की बाकीचा व्हिडिओ कुणी ऐकणार नाही.

आठ वर्षं इथल्या लोकांचे असले व्हिडिओ कापतोय. उत्तर चिघळतं ते बहुतेक वेळा पहिल्या वीस सेकंदांत. "काही लोकांना आपल्या परंपरेची लाज वाटते" अशी सुरुवात झाली की संपलं. तुम्ही प्रश्न आहे तसा वाचून दाखवा, त्याच्याच शब्दांत, आवाजात चिडका सूर न आणता. मग लगेच त्याचं उत्तर द्या. प्रश्न सरळ आहे, साथ थांबते का. उत्तरही सरळ द्या: "नाही, पाणी ओतल्यानं साथ थांबते असं मला वाटत नाही. साथ थांबते ती स्वच्छ पाण्यानं, लसीनं आणि वेळेवर डॉक्टरकडं गेल्यानं." हे सुरुवातीलाच बोललात तर भांडायला उरतंच काय? त्यानंतर "मग मी का जाते" हे सांगायला तुम्हाला तीन मिनिटं मोकळी मिळतात.

आणखी एक. इन्स्टावर कमेंटला रीलनं उत्तर दिलं की त्या माणसाचं नाव चौकटीत झळकतं. तसं करू नका. कमेंट कागदावर लिहून वाचा. नाव दिसलं की तुमचेच प्रेक्षक त्याच्या खात्यावर जाऊन शिव्या घालतात, मग तुम्ही कितीही शांत बोला, काही उपयोग नाही.

नाद_परंपरेचा
मी सहमत नाही. एवढं बचावात्मक कशाला व्हायचं? आपल्या पूर्वजांनी प्रत्येक गोष्टीमागं शास्त्र ठेवलंय. अंबाबाईचा किरणोत्सव बघा. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. हे काय आपोआप झालं? हेच उदाहरण द्या, गप्प बसतील.

राजारामपुरीचा_एडिटर
दादा, किरणोत्सव खरा आहे, त्याबद्दल वादच नाही. देवीचं तोंड पश्चिमेला आहे, आणि त्या दिवसांत मावळतीचा सूर्य महाद्वाराच्या बरोबर रेषेत येतो. वर्षातून दोनदा का, ते मोजून बघा. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो. 10 नोव्हेंबरपासून तिथवर 42 दिवस, आणि तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 41. जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, परत येताना त्याच जागी मावळतो. ढग आले किंवा वाटेत इमारत आली की किरण पोचत नाहीत, हे आपण पाहिलंय. म्हणजे देऊळ बांधणाऱ्यांचं निरीक्षण पक्कं होतं. पण त्यावरून घागरीतल्या पाण्यानं रोग जातो हे सिद्ध होत नाही. दोन्ही एकत्र बांधलंत तर किरणोत्सवाचंही नाव खराब होईल. आणि समोरच्याला गप्प बसवायचा व्हिडिओ ताईंना करायचाच नाहीये.

नाद_परंपरेचा
मोजून बघितलं, बरोबर आहे. पण कायदासुद्धा आपल्या बाजूनं आहे की. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातच म्हटलंय की यात्रा, प्रदक्षिणा, भजन-कीर्तन, घरातले आणि देवळातले धार्मिक विधी यांना तो लागू नाही. ते तरी सांगा.

प्रश्न_विचारणारी
विवेकवादी चळवळीत काम करते, म्हणून मुद्दाम लिहिते. कायद्यातली ती सूट खरी आहे, पण ज्या विधीनं शारीरिक किंवा आर्थिक इजा होत नाही त्यालाच ती आहे. त्याच कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. शिवाय त्या प्रेक्षकानं "हा गुन्हा आहे का" असं विचारलेलंच नाही. कायदा वाचून दाखवलात तर त्याला ती धमकी वाटेल.

माझा खरा आक्षेप एडिटरदादांच्या उत्तरावर आहे. "साथ थांबते असं मला वाटत नाही, तरी मी जाते" हे ऐकायला छान आहे. पण टेकडीवर आलेल्या शंभर बायकांना विचारा, कितीजणी असं म्हणतील? पुष्कळजणींना मनापासून वाटतं की देवी रोगराई दूर ठेवते. शिकलेल्या बाईनं कॅमेऱ्यासमोर एक बोलायचं आणि मिरवणुकीत दुसरंच मानलं जायचं, तर त्या प्रेक्षकाचा प्रश्न तसाच राहतो.

उचगावची_आई
माझं वेगळंच आहे, इथं लिहू का माहीत नाही. मुलगी दोन वर्षांची असताना अंगावर पुरळ आणि ताप आला. सासूबाई म्हणाल्या देवी आलीय, औषध द्यायचं नाही, कडुलिंबाचा पाला ठेवा आणि मंगळवारी पाणी घालून या. मी चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी तिचा श्वास जोरात चालायला लागला. छाती आत ओढली जायची, बरगड्यांखाली खळगा पडायचा. तेव्हा मी कुणाला न विचारता रिक्षात बसले. गोवर होता आणि न्यूमोनिया झाला होता. वाचली. आता सातवीत आहे. म्हणून विचारते, आजारी पोराला घेऊन यात्रेला जाऊ नका असं व्हिडिओत सांगाल का?

कसबागेटची_सून
उचगावच्या ताई, प्रश्न यात्रेला जावं की नाही हा नव्हता, पण तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. सांगणार, नक्की सांगणार.

राजारामपुरीचा_एडिटर
प्रश्न_विचारणारी यांचा मुद्दा मान्य. मी तो टाळला होता. ताई, तुम्ही फक्त स्वतःपुरतं बोला. "आम्ही भक्त असं मानतो" हे वाक्य आलं की तुम्ही टेकडीवरच्या सगळ्यांच्या वतीनं बोलता, आणि ते खरं नसतं. असं करून बघा:

"मला वाटतं नाही थांबत. आमच्या घरातल्या मावशींना वाटतं देवी राखते. आम्ही दोघी एकाच घागरीला हात लावतो. पण घरात ताप आला तर दोघीही आधी दवाखान्यात जातो."

घरात खरंच तसं होत असेल तरच हे बोला. होत नसेल तर शेवटचं वाक्य काढा.

मग "का जाते" हे सांगताना कल्पना नको, वस्तू दाखवा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या चार नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि पाचवी सरस्वती गुप्त मानतात, म्हणून पंचगंगा. उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात आणि आषाढात पाणी चढतं. ज्या नदीवर शहर जगतं तिचं पाणी परत आलं, ते डोक्यावर घेऊन पहिल्यांदा देवीच्या पायरीवर घालायचं. एवढं दाखवलंत तर न मानणाऱ्यालाही कळेल की माणसं तिथं काय करतात. त्याला पटलंच पाहिजे असं नाही.

नाद_परंपरेचा
आणि तो परत म्हणाला अंधश्रद्धाच आहे, तर?

राजारामपुरीचा_एडिटर
म्हणू दे. दुसरा व्हिडिओ करायचा नाही. शीर्षकात "सडेतोड उत्तर" नको, मागं संगीत नको. चार मिनिटांच्या आत संपवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. खालून लावला की माणूस दरडावल्यासारखा दिसतो. रेकॉर्ड झाल्यावर एकदा आवाज बंद करून नुसता चेहरा बघा. भुवया चढलेल्या दिसल्या तर परत घ्या.

प्रश्न_विचारणारी
कमेंट बंद करू नका, पण पहिले काही तास स्वतः लक्ष ठेवा. मतभेद राहू द्या, धमकी मात्र लगेच काढा. 16 फेब्रुवारी 2015 ला याच शहरात विवेकवादी कॉम्रेड गोविंद पानसरेंवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर इथं कुणी कुणाला "बघून घेतो" म्हटलं की आम्हाला ते नुसतं बोलणं वाटत नाही.

कसबागेटची_सून
काल रात्री मावशींना कच्चा मसुदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, माझ्या वतीनं तू कशाला बोलतेस, मीच बोलते. स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसवून घेतलं. म्हणाल्या, "देवी राखते असं मला वाटतंय. आणि नातवाच्या लशीचं कार्ड माझ्याच ट्रंकेत आहे, एक तारीख चुकू दिली नाही. कुणी विचारलं तर दोन्ही सांगीन." हे ठेवतेय. खनिजं काढली. उचगावच्या ताईंचं नाव-गाव न घेता सांगते, की ताप असलेल्या लेकराला गर्दीत आणू नका, आणि श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल तर त्याच क्षणी दवाखाना.

प्रश्न_विचारणारी
मावशींचं बोलणं प्रामाणिक आहे, ठेवाच. पण "देवी राखते" यावर माझा आक्षेप राहणार. ज्या घरात ट्रंकेत कार्ड नाही तिथं हेच वाक्य एकटंच ऐकलं जातं. मी ते तुमच्या व्हिडिओखाली लिहीन, चालेल ना?

नाद_परंपरेचा
मला वाटतं मावशींचं एकटीचंच बोलणं ठेवावं, बाकी सगळं काढलं तरी चालेल.

उचगावची_आई
नको. दवाखान्याचं राहू दे.

कसबागेटची_सून
लिहा की ताई, खुशाल लिहा. काही काढत नाहीये. शुक्रवारी सकाळी दहाला टाकते, त्या दिवशी दुपारपर्यंत मी घरीच आहे.