आवळ्याची बी काढायचं यंत्र: कॉपीराइट, पेटंट की ट्रेडमार्क?

मिरजेचा_फिटर: नमस्कार मंडळी. मिरजेजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. हाताने चालणारं एक यंत्र बनवलंय. आवळा खाचेत ठेवायचा, दांडा दाबायचा, बी खाली पडते आणि फोडी सुट्या होतात. नाव ठेवलंय 'बीकाढू'. चार महिन्यांपूर्वी यूट्यूबवर व्हिडिओ टाकला आणि एका बचत गटाला आठ नग विकले. आता एक फॅब्रिकेशनवाला फार बारकाईने चौकशी करतोय. पंचवीस हजार खर्च करू शकतो. आधी काय करू?

जुना_दुकानदार: कॉपीराइट कर, फी फक्त 500. ड्रॉइंग तू काढलंस, म्हणजे हक्क तुझाच. तेच ड्रॉइंग रजिस्टर पोस्टाने स्वतःच्या पत्त्यावर पाठव आणि पाकीट फोडू नकोस.

अर्ज_लिहिणारी: दादा, ड्रॉइंगवर हक्क त्याचा आहे हे खरं, आणि तो कागदावर रेघ ओढली तेव्हाच मिळाला, नोंदणी नसली तरी. पण तो हक्क चित्राच्या नकलेपुरता. यंत्र उघडून त्यातली युक्ती कोणी उचलली तर तो उपयोगी पडणार नाही. बाह्य आकाराची नोंदणी डिझाइन कायद्यात होते. ती न करता पन्नासहून जास्त नग बनवले, तर आकारावरचा कॉपीराइटही संपतो. आणि बंद पाकिटाने फार तर ड्रॉइंग त्या तारखेला होतं एवढं दिसेल.

फिटर, तुमचा खरा प्रश्न पेटंटचा आहे. यंत्र चालतं कसं, ते पेटंट राखतं, अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं. पण अर्जाच्या दिवशी ती गोष्ट नवी असावी लागते, आणि आपणच टाकलेला व्हिडिओही आपल्याविरुद्ध धरला जातो. अमेरिकेत स्वतःच उघड केल्यावर वर्षभराची मुभा असते. आपल्याकडे ती सरकारने जाहीर केलेली प्रदर्शनं वगैरे मोजक्या प्रसंगांपुरती आहे. व्हिडिओत नेमकं काय दिसतं?

मिरजेचा_फिटर: शेवटी झाकण काढून पाती दाखवलीत, ताई. आजच डिलीट करतो.

पण एक आहे. आधी फोडी पात्यांत अडकायच्या, दर आवळ्याला बोट घालावं लागायचं. मागच्या महिन्यात स्प्रिंगवर बसणारी रिंग टाकली, दांडा वर जाताना ती फोडी ढकलून देते. ती अजून वर्कशॉपबाहेर गेलेली नाही.

अर्ज_लिहिणारी: डिलीट केल्याने चार महिने पुसले जात नाहीत, शिवाय आठ नग लोकांच्या हातात आहेत. पात्यांची रचना गेली असंच समजा. रिंगचा मात्र विचार करू. ती कोणालाही दाखवू नका, त्या फॅब्रिकेशनवाल्याला तर नाहीच. आधी प्रोव्हिजनल अर्ज करा, व्यक्तीला ऑनलाइन 1600 रुपये. त्यानंतर 12 महिन्यांत पूर्ण तपशिलाचा अर्ज गेला नाही तर सगळं सोडून दिलं असं धरतात. तपासणीसाठी वेगळे 4000. लिहून घेण्याची एजंटची फी याहून बरीच जास्त असते, बजेट तिथे जाईल.

मसालेवाली_काकू: मीपण नावाचं पेटंट काढायला गेले होते. मसाल्याला 'चविष्ट' नाव दिलं होतं. हरकत आली की हा शब्द मालाचा गुणच सांगतो, तो एकटीला कसा द्यायचा? नाव बदलून पुन्हा 4500 भरले. डबेही नवे छापले.

अर्ज_लिहिणारी: काकू, तो ट्रेडमार्क. पण तुमचा अनुभव इथे नेमका लागू पडतो. 'बीकाढू' म्हणजे बी काढणारं, तीच हरकत येईल. कामाशी संबंध नसलेला शब्द घ्या. फी दर वर्गाला वेगळी, म्हणून हातअवजारांचा वर्ग 8 की स्वयंपाकाच्या भांड्यांचा 21 हे आधी ठरवा. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण करत राहता येतं. अर्ज केल्यावर ™ लावा. नोंदणीआधी ® लावणं गुन्हा आहे.

प्रेसशॉपवाला: रिंगबद्दल शंका आहे. पंचिंगच्या डायमध्ये स्ट्रिपर असतो, पत्रा पंचला चिकटून वर येऊ नये म्हणून. तोही स्प्रिंगवरच. तपासणारा म्हणेल, यात नवं काय?

अर्ज_लिहिणारी: बरोबर शंका. म्हणून नुसती 'स्प्रिंगची रिंग' लिहून भागणार नाही. पत्रा सपाट असतो, आवळा गोल आणि ओला. फोडी चिरडू नयेत म्हणून रिंगमध्ये काही वेगळं केलंय का?

मिरजेचा_फिटर: आतली कड तिरकी आहे, आणि पात्यांसाठी सहा खाचा आहेत. सरळ कड ठेवली तेव्हा फोडी फुटायच्या.

अर्ज_लिहिणारी: मग ती तिरकी कड, तिचा कोन आणि सरळ कडेने काय बिघडलं, हे सगळं अर्जात आलं पाहिजे. दोन्ही कडांनी शंभर-शंभर आवळे काढून फुटलेल्या फोडी मोजा.

जुना_दुकानदार: मला अजूनही वाटतं, एवढे पैसे कागदांत घालण्यापेक्षा नाव नोंदवून दोनशे नग बाजारात उतरवावेत. पेटंट मिळालं तरी कोर्टात कोण जाणार?

प्रेसशॉपवाला: उतरव, पण कुठली रिंग घालून? नवी घातली तर अर्ज आधी जायला हवा.

मिरजेचा_फिटर: आवळे उद्या आणतो. कोन दोन-तीन करून बघतो, आकडे इथे टाकत नाही, ताईंना व्यनि करतो. नाव काय ठेवायचं ते अजून सुचलेलं नाही.