मदत हवी आहे : ‘अस्सल कोल्हापुरी’चा पुरावा मागतायत, काय देऊ?

घाईत_आहे
ऑनलाइन चपला विकतो. काल पोर्टलचा मेल आला की ‘अस्सल कोल्हापुरी, मेड इन कोल्हापूर, जीआय सर्टिफाइड’ या दाव्याचा पुरावा पाच दिवसांत द्या, नाहीतर पान बंद करू. पुरवठादाराने जीआय सर्टिफिकेटची पीडीएफ पाठवली, ती चढवली तर नाकारली. माल शंभर टक्के खरा आहे. फक्त कुठला फॉर्म भरायचा ते सांगा.

पायताण
कसला फॉर्म? चप्पल उलटी करून बघा. खिळा नसला, वादीने शिवलेली असली की खरी. आमच्या आजोबांच्या वेळेस कोणी कागद मागत नव्हतं.

घाईत_आहे
खिळा नाही. पण पोर्टलला चप्पल उलटी करून कशी दाखवू?

दप्तरी
पीडीएफवर नाव कोणाचं आहे?

घाईत_आहे
कुठल्यातरी महामंडळाचं. दोन आहेत. त्याने काय फरक पडतो?

दप्तरी
सगळा फरक तिथेच पडतो. कोल्हापुरी चपलेची जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची, नोंद महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोघांच्या नावावर आहे. तुमच्याकडे आलाय तो त्या नोंदीचा कागद. व्हॉट्सॲपवर तो कोणालाही मिळतो, त्यातून तुमच्या पुरवठादाराबद्दल काहीच कळत नाही. कारागीर किंवा व्यापारी स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करतो, तेव्हा त्याला त्याच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. ते आहे का विचारा. आणि चपला नेमक्या कुठे बनतात?

घाईत_आहे
अथणीला. पण कोल्हापुरीच आहेत.

पायताण
मग कसली कोल्हापुरी! अथणी कर्नाटकात. फसवणूक आहे ही.

दप्तरी
पायताणराव, अर्धंच बरोबर. नोंदीतलं क्षेत्र आठ जिल्ह्यांचं आहे. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी बेळगाव जिल्ह्यात येते. म्हणून तिथली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणं खरं, पण तिच्यावर ‘मेड इन कोल्हापूर’ लिहिणं खोटं. पहिलं वस्तूचं नाव झालं, दुसरं ठिकाणाबद्दलचं विधान. धागाकर्त्याने दोन्ही एकाच ओळीत घातलीत, पोर्टलने नेमकं तेच पकडलं असणार.

रेशीमगाठ
माझ्या पैठणीचंही असंच झालं. सिल्क मार्कचं लेबल होतं म्हणून निर्धास्त घेतली, नंतर कळलं यंत्रमागाची आहे. तो मार्क फक्त रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो, हातमागाबद्दल त्यात काही नसतं. चपलेला असा मार्क असतो का?

वाटेल_ते
प्राडाने मिलानमध्ये आपली चप्पल दाखवली तेव्हा कोणी कागद मागितला का? नियम फक्त गरिबाला.

दप्तरी
तो विषय वेगळ्या धाग्यात. त्यावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये फेटाळली, कारण दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाचा. रेशीमताई, तुमचं उदाहरण इथे कामाचं आहे. एक चिठ्ठी एकाच गोष्टीची ग्वाही देते. ‘खरं चामडं’ लिहिलं तर चामड्याचं बिल लागेल, ‘हाताने बनवलेली’ला कारागिराचं नाव लागेल, ‘अथणी’ला पाठवणीचं चलन.

घाईत_आहे
पुरवठादाराशी बोललो. त्याच्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र आहे, उद्या पाठवतो म्हणाला. मग मी ‘जीआय सर्टिफाइड’ लिहू शकतो ना?

दप्तरी
ते प्रमाणपत्र त्याचं, तुमच्या नावावर येत नाही. पण अधिकृत वापरकर्त्याकडून रीतसर घेतलेला माल पुढे विकणं म्हणजे उल्लंघन नव्हे, हे जीआय कायद्याच्या २२व्या कलमातच आहे. म्हणून ‘नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याकडून घेतलेली कोल्हापुरी चप्पल’ असं लिहा, त्याच्या नावासकट. लोगो तुम्ही स्वतः छापू नका. स्वतःच्या नावाने वापरायचा असेल तर जीआय-३ अर्ज करा. त्याच १९९९च्या कायद्यात हस्तकलेच्या ‘उत्पादका’त व्यापारीही येतो. पण पाच दिवसांत ते होणार नाही. २२व्या कलमात एक अट आहे, माल बाजारात आल्यावर बिघडवलेला नसावा. तुम्ही त्यात काही बदल करता का?

घाईत_आहे
बदल काही नाही. गिऱ्हाईक घसरतं म्हणून खाली रबराचा पातळ तळ चिकटवून घेतो, बस.

पायताण
बस?? म्हशीच्या चामड्याचा तळ, बाभूळ आणि हिरड्याने कमावलेला, तोच तर कोल्हापुरीचा जीव!

घाईत_आहे
हे कोणी विचारलंच नव्हतं.

दप्तरी
आता विचारलं. ‘पूर्ण चामड्याची’ हे वाक्य आजच काढा. जीआयचं नाव त्यावर टिकतं का, याबद्दल मी ठाम बोलणार नाही. रबर ही साधी प्रक्रिया की माल बिघडवणं, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. माझं मत, रबर लावलेले जोड वेगळ्या पानावर ठेवा आणि शीर्षकातच ‘रबरी तळ जोडलेला’ म्हणा.

वाटेल_ते
मग विकणार काय? गिऱ्हाईकाला नाव हवं असतं.

दप्तरी
गिऱ्हाईकाला नाव हवं असतं, म्हणूनच तर हा वाद. असो. शेवटच्या खेपेत किती जोड होते?

घाईत_आहे
साठ. चाळीस पूर्ण अथणीत. वीसचा तळ अथणीचा, वेणी आणि पट्टे कोल्हापुरात बसवले. रबर फक्त त्या विसांना.

दप्तरी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. एक खेप म्हणून साठ लिहू नका, दोन लॉट करा. लॉट १ चाळीसचा, त्याच्या फायलीत पुरवठादाराचं बिल, अथणीहून निघालेलं चलन, चामड्याच्या खरेदीची प्रत आणि ज्या कारागिरांनी केलं त्यांचं सहीचं निवेदन, तारीख आणि जोडांच्या संख्येसह. लॉट २ला हेच सगळं, शिवाय कोल्हापुरातल्या कामाचं वेगळं बिल. पानावर तसंच येईल : ‘तळ अथणी, जि. बेळगाव; वेणी व पट्टे कोल्हापूर’. दोन्ही ठिकाणं क्षेत्रातलीच, लाजायचं कारण नाही. लॉटचा आकडा प्रत्येक डब्यावर आणि विक्रीच्या बिलावर घाला. मग गोदामातला कुठलाही डबा उचला आणि त्यावरून कारागिराच्या सहीपर्यंत पोचता येतं का बघा. जिथे अडाल तिथे फाइल अपुरी आहे.

रेशीमगाठ
आणि परत आलेले जोड? आमच्याकडे साड्या परत आल्या की कुठल्याही पिशवीत जातात.

दप्तरी
बरोबर, तिथेच घोळ होतो. परत आलेला जोड त्याच लॉटच्या डब्यात जाईल, नाहीतर विना-लॉट म्हणून बाजूला. लॉट २चा रबरी जोड लॉट १च्या डब्यात गेला की सगळे कागद खरे असूनही पानावरचं विधान खोटं ठरतं.

घाईत_आहे
आता फक्त लॉट १चं पान ठेवून उत्तर पाठवतोय. कारागिरांचं निवेदन कन्नडमध्ये आलं तर चालेल का?

पायताण
खाली मराठी लिहून घ्या, सही त्यांचीच. आणि त्या रबराचं बघा जरा.

दप्तरी
कन्नड मूळ प्रत ठेवा, भाषांतर सोबत जोडा. सही मूळ प्रतीवरच हवी, भाषांतरावरची नको.

घाईत_आहे
पुरवठादाराने आत्ताच फोटो पाठवला. प्रमाणपत्रावर त्याच्या भावाचं नाव आहे. दोघांचा धंदा वेगळा, बिल मात्र याच्या नावाने. आता?