उंची आणि वाढीचा वेग
"तुर्काना बॉय जगला असता तर सहा फूट झाला असता, म्हणजे इरेक्टस आपल्याएवढाच उंच होता ना?"

हा निष्कर्ष मला मान्य नाही. तुर्काना बॉय म्हणजे १९८४ मध्ये केनियात ज्याचा जीवाश्म सांगाडा सापडला तो होमो इरेक्टस या नामशेष मानवी प्रजातीतला मुलगा. मृत्यूच्या वेळी त्याची उंची सुमारे १६० सेंटिमीटर होती; आजच्या मुलांच्या मापाने त्याचे वय बाराच्या आसपास मानून पुढे किशोरवयातील मोठी झेप गृहीत धरली, म्हणून प्रौढ उंचीचा १८५ सेंटिमीटर, म्हणजे सहा फुटांचा, आकडा आला. दातांच्या एनॅमलमधील वाढीच्या रेषा मोजल्यावर मात्र वय आठच्या जवळ निघाले. म्हणजे तो आपल्यापेक्षा वेगाने वाढत होता, आणि त्याची वाढ बरीचशी उरकलेली असल्यास प्रौढ उंची १६३ च्या आसपासच येते. फोंड्याच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांची उंची नोंदवताना मला जी झेप दरवर्षी दिसते, ती त्याच्या वाट्याला बहुधा आलीच नसती.