नगडीचा अनुभव

> «धान्याऐवजी पैसे थेट खात्यात दिले, तर रेशनमधली गळती आपोआप थांबणार नाही का?»

आपोआप नाही. झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये हाच प्रयोग झाला. एक रुपया किलोचा तांदूळ दुकानात सुमारे ३२ रुपयांना विकायचा आणि फरकाची रक्कम खात्यात जमा करायची, अशी ती योजना होती. त्यामागचा तर्क पक्का होता, कारण दुकानदाराला माल बाजारभावाच्या आसपास पडू लागला की तो काळ्या बाजारात वळवण्यात नफाच उरत नाही.

पण पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशोब मांडून पाहा. २५ किलोंसाठी पूर्वी २५ रुपये लागत. आता आधी ८०० रुपये हातात हवेत. त्यासाठी पैसे जमा झाले का, हे पाहायला बँकेत खेप, तिथून रोकड घेऊन दुकानात दुसरी खेप. शिवाय आधारवर आधारित रक्कम सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि दोन-तीन खाती असलेल्यांना ते खाते कोणते हेच अनेकदा ठाऊक नसते. ऑगस्ट २०१८ मध्ये, लोकांच्या विरोधानंतर, प्रयोग गुंडाळला गेला.

माझ्या मते मुख्य फरक गळती दिसण्याचा आहे. दुकानदाराने काटा मारला तर पिशवी हलकी लागते आणि शेजारणीशी ताडून पाहता येते. न आलेली रक्कम मात्र कोणी खाल्ली की कुठे अडकली, हे पासबुक सांगत नाही.