पुणे ते पणजी ईव्हीने: कराडला थांबायचं की थेट कोल्हापूर?

कोथरूडचा_पाहुणा
दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून पणजीला निघतोय, आंबोलीमार्गे. गाडी नेक्सॉन ईव्ही, ४०.५ युनिटची बॅटरी. सोबत आई-बाबा आणि मुलगी. बायको म्हणते कराड आणि कोल्हापूर असे दोन थांबे घेऊ. माझं मत, थेट कोल्हापूर गाठावं, एकदाच पोटभर चार्ज करावं आणि सुटावं. दोन थांबे म्हणजे दोन रांगा. तुम्ही असता तर काय केलं असतं?

तांबडा_पांढरा
थेट कोल्हापूर, यात विचारायचं काय? पुणे-कोल्हापूर २३५ किलोमीटर, घरून १०० टक्के करून निघायचं आणि ८० च्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. आरामात २५ टक्के घेऊन पोचता. गाडी चार्जिंगला लावा, मिसळ खा, पुढे चला. कराडला महामार्ग सोडून आत शिरायचं, अ‍ॅप उघडायचं, पैसे भरायचे, चार्जरची गन गाडीला लागते का बघायचं, यातच पंधरा मिनिटं जातात.

खंबाटकी_उतार
तांबडा_पांढरा, तुमचं गणित ८० च्या वेगाला बरोबर आहे, पण ८० ने चालवण्याची किंमत धरलेली नाही. चार माणसं, सामान, एसी आणि ९५-१०० चा वेग असेल तर या गाडीला किलोमीटरमागे ०.१५ युनिटच्या आसपास लागतं. ८० ने तेच ०.१२ वर येतं. म्हणजे कोल्हापूरपर्यंत सात युनिट वाचतात. ती सात युनिटं ३० किलोवॉटच्या चार्जरवर साधारण चौदा मिनिटांत भरतात. आणि ८० ने गेल्यामुळे रस्त्यावर गेली किती? निव्वळ हिशेबात पस्तीस मिनिटं. सावकाश चालवणं हा वेळ वाचवायचा उपाय नव्हे. बॅटरी कमी पडतेय असं दिसलं की वापरायचा उपाय आहे.

आता मूळ प्रश्न. पाहुणे, तुमच्या वेगाने कोल्हापूरला ३५ युनिट खर्च होतील, हातात पाच उरतील, म्हणजे १२ टक्के. पुढे आंबोलीमार्गे पणजी सव्वादोनशेच्या आत आहे. तिथे वेग कमी, म्हणून ०.१२ धरा, २६ युनिट. पणजीत २० टक्के हवे असतील तर कोल्हापूरहून ८५ टक्क्यांनी सुटायला हवं. म्हणजे वाटेत एकूण २९ युनिट भरायचे. कराडला थोडे आणि कोल्हापूरला थोडे भरले तरी बेरीज २९ च, एकाच जागी भरले तरी २९ च. चार्जिंगचा वेळ दोन्हीकडे तासाभराच्या आसपास. दुसऱ्या थांब्याची जादा किंमत म्हणजे आत-बाहेर करण्याची दहा-पंधरा मिनिटं, एवढीच.

त्या पंधरा मिनिटांच्या बदल्यात मिळतं ते असं: कराडला तुम्ही ३८ टक्क्यांनी पोचता. तिथला चार्जर बंद असेल किंवा रांग असेल, तर न थांबता कोल्हापूर ७० किलोमीटरवर आहेच. कोल्हापूरला १२ टक्क्यांनी पोचून समोर बंद चार्जर दिसला, तर हातात ३० किलोमीटर असतात.

तांबडा_पांढरा
पण कोल्हापूर म्हणजे काही माळरान नाही! शहरात आणि बाहेर महामार्गाला लागून चार-पाच ठिकाणी चार्जर आहेत. एक बंद असेल तर दुसरा. ३० किलोमीटरात सगळं शहर पालथं घालता येतं.

खंबाटकी_उतार
हे मान्य. म्हणूनच "२० टक्क्यांच्या खाली जायचं नाही" असा सरसकट नियम मी पाळत नाही. जिथे आसपास तीन-चार जागा आहेत तिथे १२ टक्क्यांनी पोचलो तरी झोप उडत नाही. जिथे एकच चार्जर आहे, तिथून पुढच्या चार्जरपर्यंतचं अंतर हातात हवं, मग ते ३० टक्के होवो नाहीतर ४०. आजरा-आंबोली पट्ट्यात मी तसंच धरतो.

मामाचा_गाव_कुडाळ
एवढं डोकं का लावताय राव? आम्ही कुडाळला मामाकडे जातो तेव्हा अंगणातल्या १५ अँपियरच्या प्लगवर रात्री लावतो, सकाळी गाडी तयार. फास्ट चार्जरची भानगडच नको.

कोथरूडचा_पाहुणा
मामा नशीबवान, पण मला पणजीत हॉटेलात राहायचंय आणि प्रश्न जातानाचा आहे. 😀

मामाचा_गाव_कुडाळ
मग हॉटेलवाल्याला विचारून ठेवा, पार्किंगमध्ये १५ अँपियरचा प्लग आहे का. रात्रभरात २५-३० युनिट सहज जातात. फक्त अर्थिंग नीट असलं पाहिजे, नाहीतर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी चार्जच होत नाही. आमच्या मामाने सरळ नवीन अर्थिंग करून घेतलं.

उंब्रज_फाटा
वहिनींचं दोन थांब्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण कारण वेगळं. दिवाळीत मोजायची ती रांग. मी याच पट्ट्यात राहतो. सुट्टीच्या पहिल्या दिवशी पुण्याहून सगळे पहाटे सहाला निघतात, सगळ्यांच्या गाड्यांची रेंज उन्नीस-बीस, म्हणून दहा-साडेदहाला सगळे एकदम कोल्हापूरला उतरतात. आणि हे सगळे १०-१५ टक्क्यांवर आलेले, प्रत्येकाला तासभर हवा. दोन गन, दोन्हीवर गाड्या, पुढे एक जण थांबलेला, एवढं जरी असलं तरी तुमचा नंबर यायला अर्धा-पाऊण तास धरा. त्यात ६० किलोवॉटचा म्हणून बोर्ड लावलेला चार्जर, दोन गाड्या लागल्या की ३०-३० वाटून देतो. बोर्ड बघून हिशेब केलात तर फसाल.

तांबडा_पांढरा
मग तीच लाट कराडलाही येणार ना? तुमच्याच तर्काने कराडलाही रांग.

उंब्रज_फाटा
येते, पण तिथे थांबणं कुणाला भाग नसतं. ३८ टक्के असलेला माणूस रांग बघतो आणि पुढे निघतो. कोल्हापुरात १२ टक्केवाला हलू शकत नाही.

खंबाटकी_उतार
उंब्रज_फाटा यांचा मुद्दा पकडून सांगतो, मी कसं करेन. कराडला थांबायचंच असं ठरवायचं नाही. सातारा सोडलं की सोबतच्या माणसाने अ‍ॅपवर बघायचं. गन मोकळी असेल तर पंधरा-वीस मिनिटं लावायची, नऊ-दहा युनिट घ्यायचे आणि निघायचं, पोटभर नाही. त्याने कोल्हापूरला १२ ऐवजी ३५ टक्क्यांनी पोचता, आणि मग पहिल्या चार्जरवर गर्दी दिसली तर कागलपर्यंतच्या कुठल्याही जागी जाता येतं. कराडला गन मोकळी नसेल तर सरळ पुढे, वेग ८५ वर आणायचा, म्हणजे १५-२० टक्के राखून पोचाल. आणि कोल्हापूरला ८५ टक्क्यांच्या पुढे भरायला बसू नका. ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग पडतो, शेवटच्या पंधरा टक्क्यांना जेवढा वेळ जातो त्यात मागचा माणूस निम्मी गाडी भरून घेतो.

कोथरूडचा_पाहुणा
अ‍ॅपवर हिरवा ठिपका दिसला तर चार्जर चालू आहे असं समजायचं का? मागे एका ठिकाणी हिरवं दिसत होतं आणि गाडी चार्जच झाली नाही.

खंबाटकी_उतार
हिरवा ठिपका एवढंच सांगतो की मशीनचं सिमकार्ड जिवंत आहे. गन खराब असेल, विजेचा दाब कमी असेल, तरी ठिपका हिरवाच. शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघायचं. आज सकाळी कुणीतरी वीस युनिट घेतले असतील तर विश्वास ठेवा. शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची असेल तर ती जागा हिशेबात धरूच नका. प्लगशेअर अ‍ॅपवर लोक लिहितात ते वाचा, तारीख बघून. चार्जर हॉटेलच्या आवारात असेल तर हॉटेलला फोन करून "आत्ता कोणाची गाडी लागली आहे का?" एवढंच विचारा. "चालू आहे का" विचारलं तर सगळे हो म्हणतात.

आणि चार्जिंग सुरू झालं नाही म्हणून लगेच निघून जाऊ नका. आधी मशीनवरचं लाल इमर्जन्सी बटण बघा. कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं, बाणाच्या दिशेला फिरवलं की बाहेर येतं. मग गन. केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि आतली पिन नीट बसत नाही. गन खालून हाताने थोडी वर उचलून धरायची, गाडीतून खट् असा लॉकचा आवाज आला की सोडायची. "गाडीशी संपर्क होत नाही" अशा तक्रारी यानेच बऱ्याचदा मिटतात. दोनदा करून झालं नाही तर मात्र दुसरी गन, नाहीतर दुसरी जागा. कस्टमर केअरच्या फोनवर अर्धा तास घालवू नका, तेवढ्यात पुढच्या चार्जरला पोचता.

उंब्रज_फाटा
आणखी एक. अ‍ॅपमध्ये पैसे आणि लॉगिन घरूनच करून ठेवा. ओटीपीची वाट बघत चार्जरसमोर उभी राहिलेली माणसं मी रोज बघतो.

बांदा_चेकनाका
सगळे जातानाचंच बोलताय. परतीचं काय? जाताना आंबोली उतरताना गाडी आकडा वाढवून दाखवते आणि सगळे खूश. येताना सावंतवाडीहून दाणोली सोडलं की तोच घाट चढायचा आहे, सहाशे मीटरच्या वर. त्या ३० किलोमीटरला टक्के असे पडतात की मागे बसलेल्यांची तोंडं उतरतात.

खंबाटकी_उतार
अगदी. माणसांसकट अठराशे किलोची गाडी शंभर मीटर वर न्यायला साधारण अर्धा युनिट जादा लागतो. सहाशे मीटरला तीन, म्हणजे सात-आठ टक्के, ते नेहमीच्या खर्चावर. उतरताना त्यातले दोनेक परत मिळाले तर खूप. म्हणून पणजीहून निघताना जातानाचा आकडा उलटा धरू नका. हॉटेलात प्लग मिळाला तर १०० करून निघा, नाहीतर घाटाआधी सावंतवाडीला भरा.

तांबडा_पांढरा
हे घाटाचं पटलं. पण ८० ने जाण्याबद्दल मी अजून ठाम आहे. तुम्ही पस्तीस मिनिटं गेली म्हणता ती रस्ता मोकळा धरून. सातारा ते कागल सहापदरीचं काम, वळसे, डायव्हर्जन. १०० चा वेग मिळतोय कुठे? आणि आजी-आजोबा सोबत आहेत, १०० ने पळवायची कशाला?

खंबाटकी_उतार
कामाच्या पट्ट्यात वेग आपोआप पडतो, तेव्हा खर्चही पडेल, हे खरं. साताऱ्यापर्यंतचं माझं गणित मात्र तसंच राहील. पाहुणे, पेठनाक्यावर किलोमीटरमागच्या युनिटची सरासरी बघून घ्या. ०.१३ च्या खाली दिसली तर तांबडा_पांढरा जिंकले.

कोथरूडचा_पाहुणा
बायकोला हे सगळं वाचायला दिलं. ती म्हणते आईला दर दोन तासांनी थांबावंच लागतं, तेव्हा कराडला रांग असो नसो, चहा तिथेच. गन मोकळी दिसली तर लावू. आंबोलीत मुक्काम करून चार्ज करता येईल का, हे कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

मामाचा_गाव_कुडाळ
आंबोलीचं ठाऊक नाही, पण कुडाळला या.