अनुभव सांगा : शाळेला किंवा सहकारी बँकेला मराठीत केलेला अर्ज

माझ्या वहिनीला तिच्या शाळेतून दाखल्याची दुय्यम प्रत हवी आहे. १९९६ साली ती दहावी होऊन शाळेतून बाहेर पडली, आणि मूळ दाखला घर बदलताना गहाळ झाला. अर्जाचा मसुदा मी केला आहे, तो खाली देते. ज्यांनी शाळेत किंवा बँकेत असे अर्ज दिले आहेत, त्यांनी काय अडलं आणि काय चाललं ते कृपया लिहा.

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व गाव)

विषय : शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, मी आपल्या विद्यालयात इयत्ता पाचवी ते दहावी शिकत होते व १९९६ मध्ये शाळा सोडली. माझा मूळ दाखला गहाळ झाला असून शोध घेऊनही सापडलेला नाही. तरी मला दाखल्याची दुय्यम प्रत मिळावी, ही नम्र विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

सातारा जिल्ह्यातील शाळेत लिपिक
मायना उत्तम आहे. पण सही खालचं नाव सासरचं असेल, तर आमच्यासारख्याला रजिस्टरात काहीच सापडणार नाही. जनरल रजिस्टरात मुलीचं नाव दाखल होताना जे लिहिलं तेच असतं. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘शाळेतील माझे नाव’ असं म्हणून माहेरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट घाला. जन्मतारीख घाला. जुन्या गुणपत्रिकेची किंवा दाखल्याची झेरॉक्स कुठे सापडली तर त्यावरचा रजिस्टर नंबर लिहा. नसेल तर शाळा सोडल्याचं वर्ष आणि तुकडी तरी लिहा, म्हणजे आम्ही नेमकं ते रजिस्टर काढतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत ‘सोबत’ म्हणून जोडा.

दुसरं, दाखला कशासाठी हवा तेही अर्जात लिहा. जात पडताळणीसाठी लोक दुय्यम दाखला मागतात, आणि तिथे पुष्कळदा प्रवेश-निर्गम उतारा मागितला जातो. तो वेगळा कागद आहे. कारण लिहिलेलं असलं की आम्ही आधीच सांगू शकतो.

नाशिककर
सुरुवातीला ‘सा.न.वि.वि.’ राहिलं की. आमच्या गुरुजींनी तसंच शिकवलं होतं, त्याशिवाय अर्ज उद्धट वाटतो.

लिपिक
ते घरगुती आणि ओळखीच्या पत्रात शोभतं. कार्यालयीन अर्जात ‘महोदय’ पुरे. मुख्याध्यापक बाई असतील तर ‘मा. मुख्याध्यापिका’ आणि ‘महोदया’. लिहिलं म्हणून कुणी अर्ज परत करणार नाही, एवढं मात्र खरं. ‘आपली आज्ञाधारक’ शाळेत शिकणाऱ्या मुलांनी लिहावं.

सांगलीचा शेतकरी
आमचं प्रकरण बँकेचं आहे. वडील गेल्यावर त्यांचे शेअर्स आईच्या नावावर करायला आम्ही ‘मा. शाखाधिकारी’ यांना अर्ज दिला. तो शाखेतच पडून राहिला. पुढे कळलं की ठेवी आणि बचत खातं शाखा बघते, पण शेअर्स म्हणजे सभासदत्व, तो विषय संचालक मंडळापुढे जातो. मग पुन्हा अर्ज केला : ‘प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी’, त्याखाली ‘मार्फत : मा. शाखाधिकारी’, आणि विषयात सभासद क्रमांक. मजकुरात वडिलांचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे तसंच लिहिलं, फक्त आधी ‘कै.’ लावलं. सोबत मृत्यू दाखला, वारसनोंद म्हणजे नॉमिनेशनची प्रत आणि मूळ सर्टिफिकेट. मंडळाच्या पुढच्या सभेत काम झालं.

बँकेतून निवृत्त
नॉमिनेशन आणि वारस एक नव्हे. नॉमिनीच्या हातात बँक रक्कम देते, मालकीचा हक्क वारसांचाच राहतो. म्हणून अर्जात ‘मी नामनिर्देशित व्यक्ती या नात्याने’ असं लिहावं, ‘एकमेव वारस’ लिहू नये. भावंडं असतील तर त्या दोन शब्दांवरून पुढे वाद होतात.

अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. एक तिथे द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या अर्जात ‘संदर्भ : माझा दि. अमुकचा अर्ज, आवक क्र. अमुक’ लिहिता आलं की बोलणंच बदलतं.

पुण्याहून
दाखल्यासाठी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागतंच. माझ्याकडून घेतलं होतं, पोलिसांत दिलेली तक्रारही मागितली होती.

लिपिक
काही शाळा दोन्ही मागतात, काही एकच. आधी शाळेत विचारा, मगच खर्च करा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मसुद्यात आता असं वाक्य घातलं आहे : ‘माझे शाळेतील नाव ... असे असून विवाहानंतरचे नाव ... असे आहे.’ सही सध्याच्या नावाचीच ठेवते. एक राहिलं. वहिनीची चौथीपर्यंतची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. तिथल्या उताऱ्यासाठी अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांना करायचा, की जिथे मुलं वर्ग केली त्या शाळेला? कुणी असा उतारा काढला आहे का?